भिंत सरळ, गल्ली तिरकी

आमच्या गल्लीत फोटोवाल्या ताईंबद्दल कुणालाही विचारा, तो आधी आपली मान जरा डावीकडे करून दाखवेल आणि मग हसेल. गेली अठ्ठावीस वर्षं ताईंनी समोर बसलेल्या प्रत्येकाला हेच सांगितलंय, "मान जरा डावीकडे. हं. हनुवटी खाली. एवढी नाही." तहसीलदार असो की भाजीवाला, ताईंच्या स्टुलावर बसला की त्याला आपली मान आपली वाटत नाही. वाकडा फोटो त्यांच्या दुकानातून बाहेर पडत नाही. एकदा एका वरबापानं घाईत असताना म्हटलं, "चालतंय हो थोडं तिरकं." तर ताईंनी पैसे परत केले आणि फोटो ठेवून घेतला. आता काय बोलणार?

शिक्षण म्हणाल तर दहावी. पण सोळाव्या वर्षी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे, सगळे त्यांना मास्तर म्हणत, काचा पुसायला लागल्या, आणि त्याच मास्तरांनी त्यांना निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकवलं. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण त्या अशा बुजवायच्या, की माणूस घरी जाऊन आरशावर चिडायचा. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा मास्तरांनी हात टेकले. ताईंनी बाह्या सरसावल्या. एकाच ग्रुप फोटोत तीन जणांचे डोळे मिटलेले, तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे, हे त्यांच्या डाव्या हातचं काम. त्यासाठी दोन फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवावे लागतात. मास्तरांचा नियम होता, "माणूस पकड, बाकीचं गेलं खड्ड्यात." म्हणजे दोन्ही फोटोंत डोळ्यावर डोळा बसवायचा. मागचं झाड, पडदा, खुर्ची इकडं तिकडं सरकली तरी कापून टाकता येते. हा नियम ताईंच्या हाडीमाशी खिळला होता, आणि त्याच नियमानं त्यांचा घात केला. तीच गोष्ट सांगायची आहे.

घर आईवडिलांचं. पुढची खोली ताईंचा स्टुडिओ, वर ताई आणि त्यांचे यजमान राहतात. यजमान म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांचं मत कुणी विचारत नाही आणि तरी ते देतात. मागं छोटं अंगण, आणि अंगणापलीकडं दादाचं वर्कशॉप. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ, सुतार. वहिनी गेल्यापासून तो रंधा, करवती आणि एक खाट एवढ्यावर तिथंच राहतो. वर्कशॉपची उजवी भिंत म्हणजेच त्यांच्या जागेची शेवटची भिंत. ती वर्कशॉपच्या पुढंही हातभर अंगणात आलीये, त्यामुळं स्टुडिओच्या मागच्या खिडकीतून तिची कड दिसते. एखादं जाडजूड पुस्तक उभं ठेवावं आणि आपण त्याच्या पाठीकडून बघावं, तशी. छपराचे वासे त्याच भिंतीवर टेकलेत. भिंत वडिलांनी स्वतः बांधली होती आणि बारा वर्षांच्या दादानं विटा हातात दिल्या होत्या. त्या भिंतीबद्दल दादासमोर बोलायचं नाही, हे घरातल्या मांजरालाही माहीत.

भिंतीपलीकडचा प्लॉट विकला गेला आणि तिथं खोदाई सुरू झाली. तळघर करायचंय म्हणे. मशीन सकाळी दहाला सुरू व्हायचं आणि पाचला थांबायचं, आणि त्या वेळात ताईंच्या टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळायची. महिनाभरात खड्डा भिंतीच्या पायाजवळ आला. मग भिंतीत, छपराच्या खाली, बोटाएवढी भेग दिसली.

ताई तडक पालिकेत गेल्या. बांधकाम खात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे पन्नास भिंती होत्या आणि पाय दोनच. दादानं ओळंबा लावून दाखवला. भिंत वरून खड्ड्याकडं झुकलेली. साहेब म्हणाले, "हे आत्ता झुकलंय कशावरून? जुन्या भिंती ओळंब्यात नसतातच. बांधली तेव्हाच झुकलेली असेल."

दादाचा चेहरा लाल झाला. "माझ्या वडिलांनी बांधलीये."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

ताई मध्ये पडल्या म्हणून बरं. साहेबांनी शेवटी सांगितलं, "भिंत रोज सरकतेय असा पुरावा द्या. तुम्ही वहीत लिहिलेले आकडे नकोत, ते कुणीही लिहील. मी दोन आठवड्यांनी परत येतो. हलतेय असं दिसलं तर खोदाई थांबवतो, शब्द देतो."

"फोटो चालतील?" ताईंनी विचारलं.

"चालतील की. ज्यांच्यावर तारीख-वेळ आहे असे."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! ताईंच्या मनात त्याच क्षणी ठरलं. त्यांचा जुना फोन होता. तो त्यांनी मागच्या खिडकीच्या गजाला क्लॅम्पनं उभा जखडला, चार्जर लावला आणि दर तासाला आपोआप फोटो काढणारं अॅप घातलं. फोटोत मधोमध भिंतीची कड, डावीकडं छपराचा कोपरा, त्याच्यावर लांबची पाण्याची टाकी आणि जुन्या शाळेची इमारत, उजवीकडं खड्ड्यापलीकडचा विजेचा खांब. दिवसाचे तेरा फोटो, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रात्रीचे काळे येतात, ते नकोच. बारा दिवसांचे एकशे छप्पन्न. ते एकामागोमाग पळवले की तेरा सेकंदांची फिल्म. बारा दिवस तेरा सेकंदांत गेले, की जे डोळ्याला दिसत नाही ते दिसणार.

आणि दादाला त्यांनी दम दिला, "तोपर्यंत तू तिथं झोपायचं नाहीस. स्टुडिओत पडद्यामागं गादी टाक."

"माझी खाट..."

"खाट गेली चुलीत. वासे डोक्यात पडले तर मी फोटो कुणाचा काढू?"

साहेब परत येईपर्यंत दादा पडद्यामागं झोपला. सकाळी उठला की गिऱ्हाइकं यायच्या आत त्याला गादी गुंडाळावी लागायची आणि त्याचा मूड दिवसभर तसाच गुंडाळलेला राहायचा.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? ताईंनाही तसंच वाटलं होतं. बारा दिवसांनी त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतले, ओळीनं लावले, फिल्म चालवली आणि यजमान म्हणाले, "भूकंप झाला होता का गं?"

भिंत, टाकी, छप्पर, सगळं नाचत होतं. फोन जखडलेला असला तरी खिडकी तीच, जी कामवाली रोज धाडकन लावायची. एके दिवशी चार्जरच्या वायरीला कुणाचा तरी हात लागला. दुपारच्या उन्हात क्लॅम्पचं रबर ढिलं पडायचं आणि फोन केसभर वाकायचा. दोनदा ताईंनीच लेन्स पुसली. शिवाय फोन प्रत्येक वेळी नव्यानं फोकस करतो, त्यात चित्र किंचित लहानमोठं होतं. प्रत्येक हिसका बारीक, पण फोटोत तो तीस, चाळीस, कधी ऐंशी ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा. भिंत हलली असली तरी या गोंधळात ती कशी कळणार? ताईंनी कपाळाला हात लावला.

पण हे तर त्यांच्या हातातलं काम. फोटोवर फोटो बसवणं! पहिला फोटो पाया धरायचा. पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच दोन खुणा शोधून त्यावर टिचकी मारायची. मग कॉम्प्युटर तो फोटो सरकवतो, फिरवतो, हवा तर जरा लहानमोठा करतो आणि त्या दोन खुणा पायाच्या फोटोतल्या खुणांवर नेऊन ठेवतो. दोन खुणा नेमक्या बसल्या की बाकीचा फोटो त्यांच्यामागून येतो. एकशे पंचावन्न फोटो, प्रत्येकात दोन टिचक्या, आणि टिचकी एका ठिपक्यानंही चुकायला नको. ताईंच्या मानेचा पार चुरा झाला. मध्येच पासपोर्ट फोटोवाले यायचे. एकाला तर त्यांनी "मान जरा डावीकडे" म्हणायचंच विसरून तसंच पाठवलं. अकराव्या दिवसाच्या फोटोंवर ऊन असं पडलं होतं, की खूणच सापडेना. तेव्हा त्यांनी माऊस आपटला आणि यजमानांवर ओरडल्या. यजमानांनी काहीही केलं नव्हतं. ते त्यांनी बोलूनही दाखवलं, म्हणून पुन्हा ओरडल्या.

आणि खुणा कुठल्या धरल्या? एक, भिंतीच्या वरच्या टोकाचा खिळा. दुसरी, भिंतीच्या पायथ्याची लोखंडी कडी. दोन्ही भिंतीवरच्या. माणूस पकड, बाकीचं गेलं खड्ड्यात!

फिल्म झाली. काय गुळगुळीत! भिंत अशी स्थिर, जणू एकच फोटो. ढग पळताहेत, सावल्या फिरताहेत, दादा चार वाजता भिंतीला टेकून चहा पितोय आणि नाहीसा होतोय, आणि भिंत मात्र जागची हलत नाही. फोटो सरकवल्यामुळं कडेला काळ्या पट्ट्या आल्या होत्या, त्या नाचत होत्या.

यजमान चष्मा वर करून बघत होते. "टाकी का खाली बसतेय?"

"कुठं?"

"ही काय. हळूहळू. आणि उजवीकडचा खांब वर चाललाय."

"कडेला लेन्स ओढते," ताई म्हणाल्या. "फोनची लेन्स रुंद असते, कडेचं वेडंवाकडं दिसतंच. तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"मला एवढंच कळतंय, की टाकी खाली बसतेय."

ताईंनी चारही कडा कापून टाकल्या. पट्ट्या गेल्या, टाकी गेली, शाळा गेली, खांब गेला. फक्त भिंत राहिली. साहेबांना भिंतच बघायची होती ना?

साहेब शुक्रवारी आले. ताईंनी स्वतःहून, पदराला हात पुसत, फिल्म लावली. त्यांना वाटलं होतं, आपण हललेलं काढून टाकलं की खरं हललेलं उरेल; आपल्या थकलेल्या डोळ्यांना नाही दिसलं, तरी साहेबांच्या दिसेल. साहेबांनी तीनदा पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "बाई, उत्तम काम आहे. पण भिंत तर हलत नाहीये." आणि फाईलवर लिहिलं, 'हालचाल आढळली नाही.' खाली सही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दादाला मात्र आनंद झाला. म्हणजे पाहा, खोदाई थांबणार नाही, त्याचं काही नाही; त्याला आनंद कशाचा, तर बाबांची भिंत पक्की निघाली त्याचा. "बघ," म्हणाला, "मी सांगत नव्हतो? बाबांच्या हातची आहे." आणि गादी बगलेत मारून निघाला आपल्या खाटेकडं.

"भेग आहे ना रे, दादा," ताई म्हणाल्या.

"ती गिलाव्याची. तुझीच फिल्म सांगते."

फिल्म त्यांचीच होती.

शनिवारी ताईंना करमेना. गिऱ्हाईक नव्हतं, मशीन चालू होतं, पेन्सिल घरंगळत होती. त्यांनी कडा न कापलेली फिल्म उघडली, यजमानांना गप्प करायला म्हणून. टाकीवर बोट ठेवलं आणि फिल्म पळवली. टाकी बोटाखालून निघाली. डावीकडची टाकी खाली, शाळेचा माथाही खाली, उजवीकडचा खांब वर. लेन्सनं ओढलं असतं तर सगळं जागच्या जागी वेडंवाकडं राहिलं असतं, दिवसागणिक वाढत कसं गेलं असतं? हे तर सगळं चित्रच जागेवरून फिरत होतं, एखाद्या टांगलेल्या तसबिरीचं एक टोक कुणी हळूच खाली ओढावं तसं.

ताई उभ्या राहिल्या. खुर्ची मागं पडली ती पडली.

भिंत उजवीकडं झुकत होती. आणि आपण काय केलं? प्रत्येक फोटोत खिळा नि कडी पकडून भिंतीलाच उभं केलं, दर तासाला, एकशे पंचावन्न वेळा. भिंत जेवढी झुकली तेवढं सगळं चित्र उलटं फिरवलं. झुकलेली भिंत सरळ, आणि सरळ असलेली गल्ली तिरकी. आणि गल्ली तिरकी दिसायला लागली, तर तीही कात्रीनं कापून टाकली.

"अहो," त्या वर ओरडल्या, "टाकी खाली बसत नाहीये हो."

"बरं," वरून आवाज आला. "मग?"

मग काय, पुन्हा पहिल्यापासून. एकशे पंचावन्न फोटो, दोन-दोन टिचक्या. या वेळी खुणा भिंतीवर नाहीतच. एक टाकीच्या पायाचा सांधा, दुसरी शाळेच्या माथ्याची टोकदार कड. दोन्ही लांबच्या, दोन्ही पक्क्या जमिनीवरच्या, खोदाईपासून दूर. आणि विजेच्या खांबाला त्यांनी मुद्दाम हात लावला नाही. तो साक्षीला ठेवला. खांब आपण धरलेला नसताना जर आपोआप जागेवर राहिला, तर बसवलेलं बरोबर. ताईंनी चहाही घेतला नाही. स्वतःला शिव्या देणं मात्र चालू होतं, आणि त्यातल्या काही मास्तरांनाही लागत होत्या, जे बिचारे कधीच वर गेले होते.

संध्याकाळी पाचला फिल्म चालली. टाकी स्थिर. शाळा स्थिर. खांबही स्थिर, केसभर थरथरला तेवढाच. भिंतीची कडी जागेवर. आणि खिळा चालला होता उजवीकडं. ताईंनी खिळ्यापासून कडीपर्यंत टेपनं मोजलं, दोन मीटर चाळीस. फोटोत तेवढ्याच जागेत चोवीसशे ठिपके. म्हणजे एक ठिपका एक मिलिमीटर. खिळा बारा दिवसांत बावीस ठिपके सरकला होता. आणि कसा सरकला? सकाळी नवापर्यंत जिथल्या तिथं, दहानंतर चालू, पाचनंतर बंद. संध्याकाळच्या शेवटच्या फोटोत जिथं, दुसऱ्या सकाळच्या पहिल्या फोटोतही तिथंच. आणि मधल्या रविवारी, मशीन बंद होतं त्या दिवशी, ऊन तसंच कडक असून खिळा तसूभर हलला नाही.

दादाला बोलावलं. त्यानं उभ्या उभ्या पाहिलं. पहिल्यांदा त्याला भिंत दिसलीच नाही. म्हणाला, "मी एवढा वाकलोय?" चार वाजता चहा पिणारा तो, बारा वेळा येऊन जाणारा. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मात्र भिंत दिसली. खिळा त्याच्या डोक्यावरून हळूहळू पलीकडं जात होता.

"आज रात्री तिथं झोपू नकोस," ताई म्हणाल्या.

"काल म्हणालीस हलत नाही. आज म्हणतेस हलते. फोटो तेच. उद्या तिसरी फिल्म काढशील."

"काल मी चुकले, दादा."

"आणि आज?"

ताईंना एवढा राग आला, की रडू यायचं बाकी होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा. "एक कर," त्या म्हणाल्या. दोन्ही फिल्म त्यांनी शेजारी शेजारी लावल्या, कडा न कापता. "या डावीकडच्या फिल्ममध्ये बाबांची भिंत सरळ आहे, पण टाकी, शाळा, खांब, सगळी गल्ली एका बाजूला कलतेय. या उजवीकडच्यात गल्ली सरळ आहे, एकटी भिंत कलतेय. आता तूच ठरव. बाबांची भिंत हलतेय, की सगळं गाव हलतंय?"

दादानं दोन्ही पाहिल्या. मग गेला आणि खाटेवरची गादी घेऊन आला. पडद्यामागं टाकली आणि तोंड फिरवून बसला.

सोमवारी ताई तेच घेऊन साहेबांच्या टेबलाशी. साहेब आधी वैतागले. "बाई, परवा तुम्हीच..."

"परवाचं माझं चुकलं. तुम्ही दोन्ही बघा, मग मला बोला."

साहेबांनी पाहिलं. हुशार माणूस, लगेच विचारलं, "तुमचा फोनच बाजूला सरकला असेल तर? जवळची भिंत लांबच्या टाकीपेक्षा जास्त सरकलेली दिसेलच."

"दिसेल. पण मग कडीही सरकायला हवी आणि खिळाही, सारखाच. कडी जागेवर आहे. फक्त वरचं टोक जातंय." ताईंनी रविवारचे फोटो पुढं केले. "आणि फोन रविवारची सुट्टी घेत नाही, साहेब. मशीन घेतं."

साहेबांनी पुन्हा चालवली. पुन्हा. मग त्यांनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला. त्याच दुपारी खोदाई थांबली. ते खरंच शब्दाचे पक्के निघाले, हे सांगायलाच हवं. मशीनवाल्याच्या हातात एक कागद दिला, 'चौकशी पूर्ण होईपर्यंत काम बंद.'

दुसरा कागद त्यांनी दादाच्या हातात दिला.

भिंत धोकादायक आहे, वर्कशॉप उद्या संध्याकाळपर्यंत रिकामं करावं, छप्पर उतरवून भिंत पाडून घ्यावी, राहण्यास वा कामास वापरू नये. नवी भिंत केव्हा, कुणी बांधायची, ते चौकशीनंतर ठरेल. चौकशी केव्हा, असं ताईंनी विचारलं. साहेब म्हणाले, "ते माझ्या हातात नाही." खड्डा तिथंच राहणार होता, खड्डा बुजवायचा कागद कुणी काढत नाही.

"अहो, पण भिंत त्या खड्ड्यामुळं पडतेय," ताई म्हणाल्या. "आणि बाहेर हा जाणार?"

"पुरावा तुम्हीच दिलात ना, ताई. भिंत हलतेय म्हणून. हलणाऱ्या भिंतीखाली मी माणूस ठेवू शकत नाही." साहेब खरंच ओशाळले होते. कागदावर सही घेऊन गेले.

ताईंना वाटलं, दादा आता काहीतरी फोडेल. एखादा पाट, एखादी काच. दादानं मात्र करवती मोजून पेटीत ठेवल्या, रंध्याची पाती काढून तेलकट फडक्यात गुंडाळली, लाकूड जोडायच्या सरसाची भांडी ओतून धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्कशॉपात फक्त मोठं कामाचं टेबल उरलं होतं, सागवानी, दोन माणसांशिवाय न उचलणारं. यजमानांच्या कमरेला ते झेपणार नव्हतं. ताई पदर खोचून आत गेल्या.

भेग आता बोटापेक्षा रुंद होती. दादा तिच्याकडं पाठ करून उभा होता. आपण त्याच्याशी काहीतरी बोलायला हवं, असं ताईंना फार वाटत होतं. माफ कर म्हणावं, तर कशाबद्दल? पहिल्या फिल्मबद्दल म्हणावं, की दुसऱ्या?

"पहिलीच फिल्म बरी होती," दादा म्हणाला.

ताईंनी वाकून टेबलाचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी ते बाहेर काढलं.